बाथरूममधल्या टोपलीला आणि टॉवेलला कुबट वास

प्रश्न: ठाण्यात राहतो. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. पावसाळ्यात धुवायच्या कपड्यांच्या टोपलीला आणि टॉवेलला कुबट वास येतो. काय करू?

उत्तर: टोपली आधी बाथरूमबाहेर काढा. झाकणाची किंवा कापडी अस्तराची नको. चारही बाजूंनी जाळी असलेली प्लॅस्टिकची घ्या आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

खरा घोटाळा टॉवेलचा असतो. खुंटीवर अडकवला की घड्या पडतात, आतला भाग तासन्‌तास ओला राहतो आणि तिथेच जंतू वाढून वास धरतो. म्हणून तो बेडरूममध्ये दांडीवर एकपदरी पसरा आणि पंखा लावा. काठाची जाड शिवण सर्वांत शेवटी वाळते; ती चिमटीत धरून गार लागली, तर टॉवेल अजून ओला आहे, टोपलीत टाकू नका.

वाळलेला टॉवेल ओला होताच पुन्हा वास मारत असेल, तर वास धाग्यांत मुरलाय. सुती टॉवेल ६० अंशांच्या पाण्यात नेहमीच्या पावडरीने धुवा. फॅब्रिक कंडिशनर मात्र टाळा, त्याच्या थराने टॉवेल पाणी कमी शोषतो.