पोटात टॉवेल राहिला तर पुरावा कोणी द्यायचा?

प्रश्न: रेस इप्सा लोक्विटर, म्हणजे घडलेली गोष्टच निष्काळजीपणा सांगते हे तत्त्व, लागू झालं की सगळा पुरावा डॉक्टरनेच द्यायचा का?

सगळा नाही. आधी तुम्हाला दाखवावं लागतं की गोष्ट डॉक्टर-हॉस्पिटलच्याच ताब्यात होती आणि नीट काळजी घेतली तर असं सहसा होत नाही. औरंगाबादची 1963 ची केस बघा, नसबंदीच्या ऑपरेशननंतर बाईच्या पोटात टॉवेल सापडला, ती गेली, आता बेशुद्ध पेशंटला काय कळणार कोणी ठेवला? सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये हे तत्त्व लावून सरकारला जबाबदार धरलं, नेमका कोणता डॉक्टर चुकला ते सिद्ध करायची गरजच पडली नाही. खुलासा हॉस्पिटलकडून यायला हवा होता, तो पटण्यासारखा आलाच नाही. पण नुसतं ऑपरेशन फसलं म्हणून हे लागत नाही हं.