‘तीस दिवसांत’ आणि ‘तीस दिवसांनी’

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

माहिती अधिकाराच्या पत्रकाचा तू सोपा करून लिहिलेला मसुदा काल मिळाला. वकीलसाहेबांचं मूळ पान आणि तुझं पान शेजारी ठेवून दुपारभर बसलो. भाषा सुटसुटीत झालीय, गावातल्या माणसाला सहज कळेल. अडचण एवढीच की त्याला जे कळेल, त्यातलं काही वकीलसाहेबांनी लिहिलेलंच नाही. शुद्धलेखनाची चूक नाही, वाक्य कुठे अडखळत नाही, त्यामुळे नजर तिथे थांबतच नाही.

सगळ्यात महागात पडेल अशी जागा आधी दाखवतो. मूळ मजकूर असा आहे: ‘मुदतीत उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, मुदत संपल्यापासून अथवा उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते.’ तू लिहिलंयस: ‘उत्तर आलं नाही तर ३० दिवसांनी पहिलं अपील करा.’

वाचायला किती सोपं. आकडाही तोच. आता तारखा घालून बघ. समज, एखाद्या बाईंचा अर्ज ३ मार्चला कार्यालयात पोचला. तीस दिवस मोजले की २ एप्रिल. तोवर उत्तर नाही. कायद्यानं त्यांना तिथून पुढे तीस दिवस, म्हणजे २ मेपर्यंत, अपील करता येतं. तुझं पत्रक हातात असलेल्या बाई मात्र ‘३० दिवसांनी’ वाचून महिनाभर घरी थांबणार आणि ३ मेला कागद घेऊन निघणार. मुदत आदल्याच दिवशी संपलेली. पुरेसं कारण असेल तर उशिराचं अपीलही दाखल करून घेता येतं, पण ते त्या अधिकाऱ्याला पटावं लागतं, आणि ‘पत्रकात तसं छापलं होतं’ हे कारण घेऊन त्या बाईंनी तिथे उभं राहावं असं मला वाटत नाही.

त्याच वाक्यात ‘समाधानकारक नसल्यास’ हा तुकडाही गळला. ज्यांना अर्धवट माहिती मिळाली ते समजणार, उत्तर तर आलं, आता आपल्याला अपील नाही.

हे कसं घडलं असेल याचा अंदाज मला आहे, कारण मीही असाच घसरलोय. त्या पानावर तीनदा ‘३०’ येतो. माहिती अधिकाऱ्यानं उत्तर द्यायचे तीस दिवस, आपण पहिलं अपील करायचे तीस दिवस, आणि त्या अपिलावर निर्णय द्यायचे तीस दिवस, जे कारण लेखी नोंदवून एकूण पंचेचाळीसपर्यंत वाढवता येतात. शाळेत आपल्याला पुनरुक्ती टाळायला शिकवलेलं असतं. हात आपसूक एक तीस उडवतो, दुसरा तिसऱ्याला जोडतो. तुझ्या मसुद्यात अपिलाच्या निर्णयासाठी नुसते ‘४५ दिवस’ उरलेत. तीस गेले, अपवाद होता तो नियम झाला.

म्हणून आकडे तपासताना नुसता आकडा जुळवू नकोस, त्याचा मालकही जुळव. मी असं करतो: दोन्ही पानं छापून घेतो. मूळ पानावरच्या प्रत्येक आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल करतो आणि समासात तीन गोष्टी लिहितो. कोणी, कधीपासून, आत की नंतर. ‘३०: माहिती अधिकारी, अर्ज मिळाल्यापासून, आत.’ मग नव्या पानावर तोच आकडा शोधून तिन्ही गोष्टी तिथे आहेत का बघतो, आणि असतील तरच गोलावर काट मारतो. एकदा मुळाकडून नव्याकडे, आणि एकदा उलट, नव्याकडून मुळाकडे. उलट फेरी लोक टाळतात. पण नव्या पानात आपल्या पदरचं काही शिरलं असेल तर ते त्या फेरीतच सापडतं.

उलट फेरीत मला तुझे ‘२ दिवस’ सापडले. मुळात जीविताच्या किंवा स्वातंत्र्याच्या प्रश्नासाठी ‘४८ तास’ आहेत. गणितात फरक नाही, वापरात आहे. दोन दिवस म्हटलं की कार्यालयातला माणूस मधला रविवार सोडून मोजू लागतो, तासांत तशी सोय नाही. तुझं पहिलंच वाक्य ‘तुम्ही अर्ज दिलात की ३० दिवसांत’ असं आहे, मुळात आहे ‘अर्ज मिळाल्यापासून’. टपालानं पाठवणाऱ्यासाठी या दोन तारखा वेगळ्या. आणि सहायक माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज दिला तर वाढणारे ५ दिवस तुझ्याकडे नाहीतच. ते तू जागेसाठी मुद्दाम गाळले असतील तर माझी हरकत नाही, पण मग पाठवताना वकीलसाहेबांना तसं कळव. ठरवून गाळलेलं आणि निसटलेलं वाचणाऱ्याला सारखंच दिसतं.

आता नकार. इथे मोजून भागत नाही, कारण सोपं लिहिताना नकार होकारात जातो आणि होकार नकारात. ‘किमान पाच’चं ‘पाचपेक्षा कमी नको’ होतं आणि ते बरोबरच असतं. आपल्या मराठीत धोका वेगळाच आहे: एका अक्षरावर अर्थ फिरतो. ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’, ‘पात्र’ आणि ‘अपात्र’, ‘न मिळाल्यास’मधला सुटा ‘न’, जो ओळ मोडताना कुठे जातो कळत नाही. ‘किमान’ आणि ‘कमाल’ तर दिसतातही भावंडांसारखे. शोधसुविधेत ‘न’ टाकून बसू नकोस, अर्धं पान पिवळं होईल. ‘नाही’, ‘नये’, ‘नस’, ‘शिवाय’, ‘खेरीज’, ‘वगळ’ असे तुकडे एकेक करून शोध. उरलेलं डोळ्यांनी.

मात्र तुझ्या मसुद्यातली नकाराची चूक कुठल्याच शोधात सापडली नसती. मूळ: ‘माहिती कशासाठी हवी याचे कारण अर्जदाराला द्यावे लागत नाही.’ तुझं: ‘अर्जात कारण लिहू नका.’ नकार दोन्हीकडे आहे, पण पहिल्यात मोकळीक आहे, दुसऱ्यात मनाई. ‘लागत नाही’, ‘येत नाही’ आणि ‘नये’ ही तीन वेगळी माणसं आहेत. एक म्हणतो गरज नाही, दुसरा म्हणतो शक्य नाही किंवा परवानगी नाही, तिसरा म्हणतो करू नको. नकाराचं वाक्य दिसलं की मी ते मनात उलटं करून विचारतो: समजा केलंच, तर काय होईल? कारण लिहिलंच तर काय बिघडेल? मुळानुसार काहीच नाही. तुझ्यानुसार अर्ज चुकला.

तारखेत तू एक गंमत केलीयस. ‘१२ ऑक्टोबर २००५ रोजी हा कायदा मंजूर झाला.’ तारीख खरी, कायदा खरा, लग्न चुकीचं लागलंय. राष्ट्रपतींची मंजुरी १५ जून २००५ची, १२ ऑक्टोबरपासून तो पूर्ण अंमलात आला. मुळात दोन्ही तारखा एका वाक्यात होत्या, तुला एकच पुरेशी वाटली आणि तिला दुसरीचं क्रियापद चिकटलं. आकड्यांना टिकमार्क करत गेलास तर ही तारीख बिनबोभाट पास होते. मालक लिहायला सांगतो ते यासाठीच.

तारखेवरून माझा पराक्रम ऐक. फार वर्षांपूर्वी एका सभेची सूचना मी हस्तलिखितावरून पुन्हा लिहून छापायला दिली. मूळ कागदावर देवनागरी १ होता, मी तो इंग्रजी नऊ समजलो. सगळे आकडे एकसारखे करावेत म्हणून नव्या सूचनेत झोकात ‘रविवार, दि. ९’ लिहिलं. बावीसेक माणसं नऊ तारखेला कुलूपबंद हॉलसमोर उभी होती. वार तिथेच लिहिलेला होता! एक तारीख रविवारी असेल तर नऊ सोमवारी येते, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे मान वळवली असती तरी कळलं असतं. तेव्हापासून तारखेजवळ वार असेल तर दोन्ही जुळवतो, आणि एकाच मजकुरात देवनागरी व इंग्रजी आकडे मिसळलेले दिसले की १ आणि ५वर बोट ठेवून वाचतो. अक्षर घाईचं असलं की देवनागरी १ इंग्रजी नवासारखा आणि देवनागरी ५ इंग्रजी चारासारखा दिसतो.

राहिली नावं. ‘दुसरं अपील माहिती आयोगाकडे’ असं लिहून तू ‘राज्य’ आणि ‘केंद्रीय’ दोन्ही शब्द उडवलेस. तहसील कार्यालयाविरुद्धचं अपील राज्य माहिती आयोगाकडे जातं, पोस्टाविरुद्धचं केंद्रीयकडे. नावातलं विशेषण हे बहुतेक वेळा नावच असतं. तसंच मूळ पानात जिथे जुन्या आदेशाचं शीर्षक दिलंय, तिथे तू ‘औरंगाबाद’ काढून ‘छत्रपती संभाजीनगर’ केलंस. तुझ्या स्वतःच्या वाक्यात नवं नाव बरोबर आहे. पण शीर्षक उद्धृत करताना ते छापलंय तसंच ठेव, नाहीतर तो आदेश शोधणाऱ्याला सापडणार नाही. मुळातच काही चुकलंय असं वाटलं तरी गुपचूप दुरुस्त करू नकोस. समासात प्रश्न लिही आणि वकीलसाहेबांना विचार.

हे सगळं लिहिल्या बैठकीत होत नाही. आपणच केलेलं वाक्य आपल्याला पाठ असतं, त्यामुळे कागदावर नसलेला ‘न’सुद्धा आपण वाचतो. एक रात्र जाऊ दे. घरात कोणी मोकळं असेल तर त्याच्या हातात मूळ पान दे. पूर्ण वाक्यं वाचून घेऊ नकोस, तुमची वाक्यं जुळणारच नाहीत. त्यानं फक्त विचारावं: ‘नव्वद दिवस. कोणाचे? कधीपासून?’ आणि तू नव्या पानावर बोट ठेवून उत्तर द्यायचं. एका पानाला वीस मिनिटं लागतात. दुरुस्ती केलेल्या ओळी पुन्हा एकदा बघ, नवी चूक बहुतेक तिथेच बसते.

तुझी प्रत खुणा करून सोबत परत पाठवतोय. मागच्या बाजूला शिबिराचं ठिकाण आहे ते आधी बघ. मुळात ‘वडगाव बुद्रुक’ आहे, तुझ्याकडे नुसतं ‘वडगाव’. त्याच रस्त्यावर वडगाव खुर्दही आहे, आणि एसटी दोन्हीकडे थांबते.

तुझा,
काका