स्लॅबच्या मालात पाणी कमी, मग वरून भरपूर का?

प्रश्न: इंजिनिअर म्हणतात मालात पाणी जास्त टाकू नका, आणि नंतर तेच दहा दिवस स्लॅबवर पाणी साठवायला लावतात. हे उलटं नाही का?

उलटं वाटतं खरं, पण दोन्ही पाण्यांचं काम वेगळं आहे.

५० किलोच्या एका गोणीतलं सिमेंट रासायनिकरीत्या साधारण १२ लिटर पाणीच बांधून घेतं. माल कालवता यावा म्हणून आपण २५ लिटरपर्यंत टाकतो. मिस्त्रीने ‘माल जरा सैल हवा’ म्हणत आणखी १० लिटरची बादली ओतली, की ते पाणी सिमेंटच्या कणांना एकमेकांपासून लांब ढकलतं. पुढे ते उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. त्या एका बादलीपायी ताकद तिसऱ्या हिश्श्याने तरी घटते. पावसाळ्यात ओली वाळूही गुपचूप पाणी आणते, तेही मोजायला हवं.

आता वरचं पाणी. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटची पाण्याशी क्रिया होऊन होतं, आणि ती क्रिया अनेक दिवस चालते. तिच्यातून तयार होणारा पदार्थ पोकळ्या भरत जातो. उन्हाने वरचा थर सुकला की तिथली क्रिया थांबते. म्हणून स्लॅब पुरेसा घट्ट झाल्यावर मातीची आळी करून पाणी साठवतात. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला १०. दिवसातून दोनदा पाइप फिरवणं पुरत नाही. मधल्या दुपारी स्लॅब कोरडा पडतो.

नखाने घासल्यावर पांढरी भुकटी निघाली, तर माल पातळ होता किंवा वरचा थर लवकर सुकला. पातळ मालाची पोकळी मात्र नंतर कितीही पाणी दिलं तरी पूर्ण भरत नाही.