कुराणातली आयत कोणत्या प्रसंगी उतरली हे कळल्यावर तिचा अर्थ खरंच बदलतो का? एखादं उदाहरण द्याल का?

हो बदलतो, कधीकधी तर पार उलटा होतो. सफा-मरवाची आयत बघा, सूरह बकरातली 158 वी. हज किंवा उमरा करणारे मक्केत या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या मारतात, त्याला सई म्हणतात. आयत म्हणते की सफा आणि मरवा अल्लाहच्या निशाण्या आहेत, म्हणून हज-उमरा करणाऱ्याने त्यांच्या फेऱ्या मारल्या तर त्याला गुन्हा नाही. आता नुसतं एवढंच वाचलं तर कोणालाही वाटणार की 'गुन्हा नाही' म्हणजे मारा नाहीतर राहू द्या, तुमची मर्जी.

उर्वा बिन झुबैर यांनाही अगदी हेच वाटलेलं आणि त्यांनी ते थेट आपल्या मावशीला, म्हणजे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांना, विचारलं (बुखारीच्या हदीससंग्रहात आहे हा किस्सा). त्या म्हणाल्या, भाच्या, तू म्हणतोस तसं असतं तर 'फेऱ्या मारल्या नाहीत तर गुन्हा नाही' असं आलं असतं. मग त्यांनी प्रसंग सांगितला. मदिनेचे अन्सार, म्हणजे पुढे पैगंबरांना साथ देणारे तिथले लोक, इस्लामच्या आधी 'मनात' नावाच्या देवीसाठी इहराम बांधायचे, म्हणजे यात्रेचं व्रत धरायचे, तिचं ठाणं कुदैदजवळ मुशल्ललला होतं, आणि असा इहराम बांधलेला माणूस सफा-मरवाच्या फेऱ्या पाप समजून टाळायचा. मुसलमान झाल्यावरही ती भीती मनातून जाईना म्हणून त्यांनी पैगंबरांना विचारलं, तेव्हा ही आयत उतरली. म्हणजे 'गुन्हा नाही' ही सवलत नाहीच, ते त्यांच्या शंकेला दिलेलं उत्तर आहे.

गंमत म्हणजे त्याच हदीसमध्ये पुढे दुसरा प्रसंगही येतो. काही लोक आधीपासून फेऱ्या मारायचेच, पण कुराणात काबाच्या तवाफचा, म्हणजे काबाभोवतीच्या फेऱ्यांचा उल्लेख आला आणि सफा-मरवाचा नाही, म्हणून तेही बिचकले. हे सांगणारे अबू बक्र बिन अब्दुर्रहमान, पहिले खलिफा अबू बक्र नव्हेत, म्हणतात, मला वाटतं आयत दोघांबद्दलही आहे. मला हे पटतं, कारण दोन्हीकडे अडचण एकच, फेऱ्या मारू की नको. आणि आयत अन्सारांच्या शंकेवर आली म्हणून ती फक्त त्यांच्यापुरती असं कोणी मानत नाही, बहुतेक उलमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या मते हुकूम शब्दांच्या व्याप्तीप्रमाणे चालतो, प्रसंगापुरता राहत नाही.

पण प्रसंग कळला म्हणून सगळं सुटलं असंही नाही हां. त्याने फक्त 'तुमची मर्जी' हा अर्थ बाद होतो, सई किती सक्तीची हे त्यातून निघत नाही. त्यासाठी आयेशा पैगंबरांच्या प्रथेकडे बोट दाखवतात, की ती त्यांनी घालून दिलीय, सोडता येणार नाही. म्हणूनच पुढे मतभेद झाले. सुन्नी मुसलमानांच्या हनफी विचारशाखेत सई वाजिब, म्हणजे आवश्यक मानतात, विनाकारण सुटली तर कुर्बानी देऊन भरपाई होते आणि हज होतो. शाफई या दुसऱ्या शाखेत ती रुक्न, म्हणजे मूळ अंग आहे, केल्याशिवाय हज पूर्णच होत नाही. आपल्याकडे कोकणातले बरेच मुसलमान शाफई आणि घाटावरचे जास्त करून हनफी, त्यामुळे एकाच ग्रुपने हजला गेलेल्या अशा दोघांची सई राहिली तर दोघांना वेगवेगळं उत्तर मिळू शकतं.