कारखान्याच्या वतीने उत्तर कोणी द्यायचं?

प्रश्न: चाकण-भोसरी पट्ट्यातल्या 120 लहान-मध्यम ऑटो पार्ट्स कारखान्यांत गुणवत्ता सांभाळायच्या पद्धतींवर सर्व्हे करतेय, पीएचडीसाठी. प्रत्येक ठिकाणी एकच जण फॉर्म भरेल. मालकाला द्यावा, प्लँट मॅनेजरला की एचआरला? आणि तो सांगतो ते खरं धरायचं कशावरून?

उत्तर: एचआर नको, हे आधी सांगते. या आकाराच्या कारखान्यात एचआर म्हणजे बहुतेक वेळा हजेरी, पगार आणि पीएफ बघणारा माणूस. पण फॉर्म नुसता ईमेलने पाठवलात तर तो नेमका त्याच्याच टेबलावर जातो. माझ्या पहिल्या सर्व्हेत हेच झालं. मालकाच्या नावाने आलेले बरेच फॉर्म ऑफिसातल्या क्लार्कने भरलेले निघाले आणि ते मला उशिरा, फोन केल्यावर कळलं.

हुद्दा विचारण्यापेक्षा काम विचारा. आधी फोन करून एवढंच विचारायचं: "कस्टमरचं ऑडिट येतं तेव्हा त्यांच्यासोबत शॉप फ्लोअरवर कोण फिरतं?" जे नाव मिळेल तो तुमचा माणूस. कुठे तो क्वालिटी इन-चार्ज असेल, कुठे प्रॉडक्शन मॅनेजर, तर तीस कामगारांच्या युनिटमध्ये मालक स्वतः. मालकाला ऑर्डरी, कर्ज, कस्टमर तोंडपाठ असतात, पण रात्रपाळीतलं रिजेक्शन त्याच्यापर्यंत गाळून पोचतं. म्हणून धंद्याबद्दलचे चार-पाच प्रश्न मालकासाठी वेगळ्या पानावर काढा. पद्धती आणि नफा दोन्ही एकाच तोंडून ऐकले, तर चांगलं चाललेल्या वर्षी माणूस पद्धतींनाही जास्त गुण देतो आणि तुम्हाला खोटा संबंध सापडतो.

प्रश्नांचा सूर तपासा. हा माणूस स्वतःबद्दल नाही, कारखान्याबद्दल सांगतोय. "तुमच्याकडे गुणवत्तेची संस्कृती किती रुजली आहे?" याचं उत्तर त्याच्या मनाचं असतं. "मागच्या महिन्यात रिजेक्शनवरून लाइन किती वेळा थांबवली?" याचं उत्तर कारखान्याचं असतं.

आता खरेपणा. "या विषयाची तुम्हाला कितपत माहिती आहे?" असा प्रश्न प्रत्येक भागाखाली असतो, तो ठेवा. पण "मला माहीत नाही" असं सहसा कोणी लिहीत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. ज्याचं उत्तर तुम्ही बाहेरून पडताळू शकता असा एक प्रश्न घाला. मी कामगारसंख्या विचारते आणि ईपीएफओच्या साइटवर त्या आस्थापनेच्या भरण्यात दिसणाऱ्या संख्येशी ताडते. कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या पीएफ कोडखाली असतात, म्हणून कायम आणि कंत्राटी वेगळे विचारा, नाहीतर बरोबर सांगणाराच चुकीचा ठरेल.

खरी कसोटी दुसऱ्या माणसाची. निक ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थतज्ज्ञांनी 2007 साली अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीतल्या 732 कारखानदार कंपन्यांच्या व्यवस्थापन पद्धतींना मुलाखतींवरून गुण देणारा अभ्यास मांडला. मुलाखतीसाठी त्यांनी प्लँट मॅनेजर निवडले, कारण त्यांना सगळं दिसतं आणि ते रोजच्या कामापासून तुटलेलेही नसतात. गुण दिले जाताहेत हे मॅनेजरला सांगितलं नव्हतं, आणि कंपनीची आर्थिक स्थिती मुलाखतकाराला सांगितली नव्हती. मग 64 कंपन्यांत दुसऱ्या मुलाखतकाराने दुसऱ्या मॅनेजरशी बोलून पाहिलं. दोन्ही गुणांचा सहसंबंध 0.734 आला. म्हणजे एका माणसाचं उत्तर बरंच टिकतं, पण त्यात चूक असतेच, आणि ती किती हे त्यांना सांगता आलं.

तुम्ही 120 पैकी तीसेक कारखान्यांत दुसरा माणूस घ्या. कारखाने चिठ्ठ्या टाकून निवडा. ओळखीचे घेतलेत तर आकडा फुगेल. दोघांना एकाच आठवड्यात, पण स्वतंत्रपणे विचारा. एकमत मोजायला हे सूत्र वापरतात:

```
r_wg = 1 - s²/σ²,   σ² = (A² - 1)/12
```

A म्हणजे मोजपट्टीवरचे पर्याय, s² म्हणजे उत्तरांचं व्हेरियन्स आणि σ² म्हणजे सगळ्यांनी नुसती अंदाजाने उत्तरं दिली असती तर आलेलं व्हेरियन्स. पाच पर्यायांना σ² = 2. एकाने 4 आणि दुसऱ्याने 3 दिले तर s² = 0.5, म्हणून एकमत 0.75, आणि 0.70 ही रूढ मर्यादा पार होते. 4 आणि 2 दिले तर थेट 0. दोनच माणसं असताना हे माप इतकं ठोकळ चालतं. शिवाय सगळेच सगळीकडे 4 देत असतील तर एकमत उत्तम दिसेल, पण कारखान्या-कारखान्यांतला फरक दिसणारच नाही. म्हणून सोबत आयसीसी(1) हे माप काढा, त्यात तो फरक येतो.

जिथे दोघांचं जुळत नाही तिथे लगेच सरासरी काढू नका, दोघांना वेगवेगळा फोन करा. एका युनिटमध्ये रिजेक्शनबद्दल दोन टोकांची उत्तरं आली होती. मॅनेजर कस्टमरकडून परत आलेला माल मोजत होता, सुपरवायझर लाइनवरच बाजूला काढलेला. दोघंही बरोबर होते, माझा प्रश्न मोघम होता. दोघांना समोरासमोर बसवून एक आकडा ठरवायला मात्र सांगू नका. सुपरवायझर साहेबांसमोर साहेबांचाच आकडा मान्य करतो.