तीस सेकंदांत किती शब्द?

अरे, इंदूरच्या सराफ्यावरच्या व्हिडिओची तुझी 90 शब्दांची स्क्रिप्ट तीस सेकंदांत वाचताना धाप लागेल. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘राजवाड्याजवळच्या’ हा एकच शब्द जवळपास सेकंद खातो. म्हणून सेकंदाला दोन शब्द धर. सुरुवातीच्या-शेवटच्या श्वासाचा वेळ वगळला की 55 उरतात. मोठ्याने वाचूनच वेळ मोज, मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं.

कापताना आधी ‘असलेल्या’, ‘वेळेला’ असले शब्द बघ. ‘राजवाड्याजवळ असलेल्या सराफा बाजारात रात्रीच्या वेळेला सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यानंतर खाण्याचे ठेले लागतात’ हे झाले 13. राजवाडा तर तुझ्या शॉटमध्ये दिसतोच की! ‘सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं मिटली की ठेले लागतात’, फक्त 8. आणि 1956 लिहिलंस तरी बोलताना ते ‘एकोणीसशे छप्पन्न’ होतं, दोन मोज.