रुपया घसरला की खत आणि खाद्यतेल का महागतं?

"रुपया घसरला की शेतकऱ्याच्या खतावर आणि घरातल्या तेलावर नेमका काय परिणाम होतो?"

तेलावर लवकर होतो, खतावर आडवळणाने.

आपल्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं आणि सौदा डॉलरमध्ये होतो. समजा, कच्चं पामतेल टनाला १००० डॉलर आहे. डॉलर ८४ रुपयांना असताना ते किलोला ८४ रुपये पडतं, ९० झाला की ९०. त्यावर मे २०२५ मध्ये ठरलेल्या दराने साधारण १६.५ टक्के आयातकर धरा. कर टक्क्यात असल्यामुळे तोही वाढतो आणि फरक सहाऐवजी सातच्या घरात जातो. परदेशात भाव तसूभर हललेला नसतो! सोयाबीन तेलही मग मागे राहत नाही, आणि वडे-भजी तळणाऱ्या गाडीवाल्याला तर रोजच डबा लागतो.

युरियाचं तसं नाही. ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांनाच मिळते, वाढीव खर्च सरकार अनुदानातून भरतं. खरी अडचण डीएपी आणि पोटॅशची. तिथे अनुदान दर किलो पोषकद्रव्यामागे रुपयांत आधीच ठरलेलं असतं. मध्येच डॉलर चढला तर पोटॅशची गोणी महागते. डीएपीचा भाव सरकार वाढू देत नाही, म्हणून तोटा दिसला की कंपन्या आयातीत हात आखडतात. शेतकऱ्याला मग भाववाढ नाही, टंचाई भेटते: ऐन पेरणीत "डीएपी संपलं", किंवा "सोबत हे दुसरं औषधही घ्या". ही सक्ती बेकायदा आहे, कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार जरूर करा.